ऑक्सिमीटरवर ९९ दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका

कोविडच्या साथीपासून घरोघरी एक नवी सवय लागली आहे. कुणाला चक्कर आली, डोकं दुखलं, धाप लागली, की कपाटातून ते छोटं यंत्र काढायचं, बोटाला लावायचं आणि ९८-९९ दिसलं की सुटकेचा निःश्वास टाकायचा. "ऑक्सिजन तर मस्त आहे डॉक्टर, काही काळजीचं नाही ना?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. आजचा लेख या सवयीच्या विरोधात आहे. आणि आधीच सांगतो, या चुकीत आम्ही डॉक्टर मंडळीही तुमच्याइतकेच सामील आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची थंडी, रविवारची सकाळ. तिशीतल्या एका बाईंना त्यांचे यजमान दवाखान्यात घेऊन आले. साडेआठच्या सुमारास बाथरूममध्ये त्यांना भोवळ आली होती. आता डोकं जड, मळमळ आणि पायांत ताकद नाही. ताप नाही. बीपी ठीक, नाडी थोडी जलद, ऑक्सिमीटरवर ९९. उपाशीपोटी कडकडीत पाण्याने अंघोळ केली म्हणून चक्कर आली असेल, असं सांगून मी त्यांना लिंबू-साखर-मिठाचं पाणी घ्यायला सांगितलं आणि घरी पाठवलं. तासाभराने यजमानांचा फोन आला. "डॉक्टर, आता मी अंघोळ करून आलो, तर माझंही डोकं फुटायला लागलंय आणि उलटी झाली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "पाणी कशावर तापवता?" उत्तर आलं, "गॅस गीझर. बाथरूममध्येच बसवलाय."

हे समजून घ्यायचं तर हिमोग्लोबिनची रचना थोडी पाहावी लागेल. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनांच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या खोबणीत 'हीम' नावाची चकती असते आणि तिच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. ऑक्सिजन या लोहाला चिकटतो. म्हणजे एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा झाल्या. गंमत अशी, की या चार जागा एकमेकींशी बोलतात. पहिला ऑक्सिजन बसायला अवघड जातं, पण तो बसला की पूर्ण रेणूचा आकार थोडा बदलतो आणि पुढच्या जागा ऑक्सिजनला जास्त घट्ट धरू लागतात. ऑक्सिजन सोडतानाही हेच उलट क्रमाने होतं. एक सुटला की बाकीचे सोडणं सोपं जातं.

म्हणूनच ऑक्सिजनचा दाब आणि हिमोग्लोबिनचं सॅच्युरेशन यांचा आलेख सरळ रेषेत न जाता इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. याला ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह म्हणतात. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० मिमीच्या आसपास असतो, तिथे हिमोग्लोबिन सुमारे ९७ टक्के भरतं. विश्रांतीच्या वेळी ऊतींकडून परतणाऱ्या रक्तात हा दाब ४० असतो आणि सॅच्युरेशन ७५ टक्के. दाब २७ च्या आसपास उतरला की ते ५० टक्क्यांवर येतं.

हा आलेख एका जागी खिळलेला नसतो. स्नायू काम करतात तेव्हा तिथे उष्णता, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वाढतात. या तिन्हींमुळे आलेख उजवीकडे सरकतो. म्हणजे हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि जिथे गरज आहे तिथेच ते जास्त ऑक्सिजन सोडतं. आम्ल आणि कार्बन डायऑक्साइडच्या या परिणामाला बोर परिणाम म्हणतात. १९०४ साली ख्रिश्चन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दाखवला. अणूचं प्रारूप मांडणारे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. चौथं कारण म्हणजे तांबड्या पेशीत तयार होणारं २,३-बीपीजी हे रसायन. रक्तक्षय असेल किंवा माणूस उंच डोंगरावर राहायला गेला, तर ते वाढतं आणि पकड आणखी सैल करतं. उलट थंडी, आम्ल कमी होणं आणि बीपीजी कमी होणं यांनी आलेख डावीकडे सरकतो, म्हणजे पकड घट्ट होते. आणि डावीकडे ढकलणारा सगळ्यात घातक घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, नाका-डोळ्यांत झोंबत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की तिथला ऑक्सिजन कमी होतो, जळण अर्धवट होतं आणि हा वायू तयार होतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. "म्हणजे तेवढं हिमोग्लोबिन वाया गेलं, रक्त कमी झाल्यासारखंच," असं बहुतेकांना वाटतं. अनेक डॉक्टरांनाही. ही समजूत अपुरी आहे, आणि ती कशी ते आकड्यांनी दाखवतो.

दोन माणसं घ्या. पहिल्याचं हिमोग्लोबिन रक्तक्षयामुळे १५ वरून ७.५ वर आलं आहे. दुसऱ्याचं १५ आहे, पण त्यातलं निम्मं कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं आहे. दोघांच्याही १०० मिली रक्तात साधारण १० मिली ऑक्सिजन मावतो. सोयीसाठी धरून चालू की दोघांच्या ऊती त्यातला ५ मिली काढून घेतात. मग दोघांच्याही रक्तात ५ मिली उरला. हिशोब सारखाच दिसतो ना?

आता तो ऊतींपर्यंत ढकलायला दाब किती उरला ते पाहा. पहिल्याचं हिमोग्लोबिन निम्मं रिकामं झालं, म्हणजे आलेखानुसार दाब सुमारे २७. बीपीजी वाढून आलेख उजवीकडे सरकलेला असेल तर त्याहून थोडा जास्तच. दुसऱ्याच्या रक्तात मात्र हिमोग्लोबिनच्या निम्म्या जागांवर कार्बन मोनॉक्साइड बसलेला आहे. रेणूला वाटतं, ऑक्सिजनच बसलाय. त्यामुळे तो घट्ट पकडीच्या आकारात राहतो आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन सोडत नाही. गणित केलं तर दाब १३ च्या आसपास येतो. रक्तात ऑक्सिजन तेवढाच, पण तो पेशींकडे ढकलणारा दाब निम्मा. शरीर रक्तप्रवाह वाढवून थोडी भरपाई करतं हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहेत. म्हणूनच ७.५ हिमोग्लोबिनची बाई चालत माझ्या दवाखान्यात येते, आणि ५० टक्के कार्बन मोनॉक्साइड असलेला माणूस बाथरूमच्या फरशीवर बेशुद्ध सापडतो.

मग ऑक्सिमीटर ९९ का दाखवतो? तो बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो, एक लाल आणि एक अवरक्त. किती प्रकाश शोषला गेला त्यावरून तो ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन ओळखतो. त्याला या दोनच जाती माहीत आहेत. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं, म्हणून यंत्र त्याला ऑक्सिजन समजून मोजतं. विषबाधा कितीही असो, आकडा झकास.

त्या जोडप्याला मी तडक मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे धमनीतल्या रक्ताच्या पहिल्या रिपोर्टमध्ये सॅच्युरेशन ९७ छापून आलं. कारण साधं ब्लड गॅस यंत्र सॅच्युरेशन मोजत नाही. रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या दाबावरून ते गणित करून छापतं, आणि हा दाब या विषबाधेत बिघडतच नाही. मी फोनवर आग्रह धरला म्हणून नमुना को-ऑक्सिमीटरवर चालवला गेला. बाईंच्या हिमोग्लोबिनपैकी २४ टक्के कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं निघालं. धूम्रपान न करणाऱ्या माणसात हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत असतं. साध्या हवेत हे प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात. नमुना अंघोळीनंतर सुमारे अडीच तासांनी घेतला होता. म्हणजे मी ९९ बघून त्यांना घरी पाठवलं तेव्हा ते तिशीच्या वर असणार. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला की हाच काळ तास-दीड तासावर येतो. दोघंही बरे झाले. माझं ते लिंबूपाणी मात्र मी विसरलेलो नाही.

माझे काही सहकारी म्हणतील, "अशा रुग्णाची कातडी चेरीसारखी लाल दिसते, कळतंच की!" नाही कळत. तो रंग जिवंत रुग्णात क्वचित दिसतो. तो रंग शोधत बसाल तर निदान शवविच्छेदनातच होईल. हिवाळ्यात डोकेदुखी, चक्कर, उलटी घेऊन रुग्ण आला, ताप नाही, तर "पाणी कशावर तापवता, खोलीत शेगडी पेटवली होती का, घरात आणखी कुणाला असंच होतंय का?" हे तीन प्रश्न ऑक्सिमीटर लावण्याआधी विचारा. आणि संशय आला तर रिपोर्टची वाट न पाहता ऑक्सिजन सुरू करा.

ऑक्सिमीटर फेकून द्या असं मी म्हणत नाही. न्यूमोनियात, दम्यात तो उपयोगी आहे. पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, हिमोग्लोबिन भरलेलं दिसतंय का? हिमोग्लोबिन किती आहे, कशाने भरलंय आणि पेशींसाठी सोडतंय की नाही, यातलं काहीही तो सांगत नाही.

तुमच्यासाठी एवढंच. गॅस गीझर बाथरूमच्या आत नको. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त पाण्याचा नळ आत घ्या. "खिडकीची फट आहे" हे उत्तर चालणार नाही, कारण थंडीत ती फट तुम्हीच बंद करता. कुणी आत बेशुद्ध पडलं तर दार उघडा, त्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा आणि "गॅस गीझर चालू होता" हे वाक्य डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. गर्भवती असेल तर बरं वाटलं तरी रुग्णालयात न्याच. बाळाच्या हिमोग्लोबिनची पकड मुळातच आईपेक्षा घट्ट असते, आणि त्याच्या रक्तातून हा वायू उशिरा बाहेर पडतो.

आणि डॉक्टरांनी ९९ बघून "काही नाही, घरी जा" म्हटलं, तर त्यांना गीझरबद्दल सांगून कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करायला लावा. मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी रागावलो नसतो.