फोटोतला डाग: जुना की जागा?



मे महिन्याच्या सुट्टीत शहापूरजवळच्या एका गावातून आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या अब्बांना घेऊन घरी आला. वय सव्वीस, एसीचे काम शिकलेला, सौदीचा व्हिसा जवळजवळ हातात आलेला. मुंबईला मेडिकल झाले आणि निकालावर एकच शब्द आला: अनफिट. सोबतच्या छातीच्या फोटोच्या रिपोर्टमध्ये लिहिले होते, 'उजव्या वरच्या भागात फायब्रोटिक स्ट्रँड्स, ओल्ड हील्ड कॉक्स'. अब्बांनी विचारले, "सर, हे कॉक्स म्हणजे काय?"

टीबीचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरांचे हे नाव आहे. आपल्याकडचे डॉक्टर टीबी हा शब्द टाळायचा असला की 'कॉक्स' लिहितात. म्हणजे रिपोर्टचा अर्थ होता: टीबीची जुनी, भरून आलेली खूण. मुलाला एकोणिसाव्या वर्षी टीबी झाला होता. सहा महिन्यांचा कोर्स त्याने एकही गोळी न चुकवता पूर्ण केला होता. पण अनफिटचा कागद पाहून घाबरलेल्या घरच्यांनी त्याला एका खाजगी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फोटो उजेडात धरला, "डाग आहे" म्हणाले आणि थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पोरगा आमच्याकडे आला तेव्हा गोळ्यांना तीन आठवडे झाले होते. निकाहाची बोलणीही थांबली होती.

अशी घरे आपल्या भागात बरीच आहेत, म्हणून या वेळी हा डागच समजून घेऊ.

टीबीचे जंतू बहुतेक वेळा फुप्फुसाच्या वरच्या भागात, गळपट्टीच्या हाडाच्या आसपास, घर करतात. तिथे प्राणवायू जास्त असतो आणि या जंतूला तो मानवतो. शरीर त्या जागेला चारी बाजूंनी घेरते. लढाई संपल्यावर जागा पूर्वीसारखी होत नाही. खोल जखम भरल्यावर कातडीवर वण राहतो, तसा फुप्फुसावरही राहतो. हा वण फोटोत तीन प्रकारे दिसतो.

पहिला प्रकार म्हणजे चुन्याची गाठ. मेलेल्या भागावर शरीर वर्षानुवर्षे चुना साठवते आणि तिथे दाण्याएवढा कडक गोळा तयार होतो. रिपोर्टमध्ये त्याला 'कॅल्सिफाइड नोड्यूल' किंवा 'ग्रॅन्युलोमा' म्हणतात. फोटोत तो हाडासारखा पांढराशुभ्र असतो आणि कडा पेन्सिलीने आखल्यासारख्या स्पष्ट असतात. कित्येकदा हा गोळा बालपणीच्या संसर्गाचा असतो, ज्याची घरात कुणाला खबरही नसते. एकटा असा गोळा हा सगळ्यांत निरुपद्रवी.

दुसरा प्रकार म्हणजे वरच्या भागातल्या वणाच्या रेघा. रिपोर्टमधला 'फायब्रोसिस' तो हाच. वण आकसतो आणि आकसताना शेजाऱ्यांना ओढतो. श्वासनलिका त्या बाजूला कललेली दिसते, फुप्फुसाचे मूळ वर सरकलेले दिसते. ही ओढ जुनेपणाची चांगली खूण आहे, कारण वण आकसायला वेळ लागतो. पण अशा वणात, विशेषतः ज्याचा कधी पूर्ण इलाज झाला नाही त्यात, काही जंतू झोपून राहिलेले असू शकतात. चुन्याच्या गोळ्यापेक्षा इथे रोग पुन्हा उठण्याचा धोका जास्त.

तिसरा प्रकार पोकळीचा, म्हणजे 'कॅव्हिटी'चा. जंतूंनी फुप्फुस पोखरले की तिथे हवेची पोकळी होते. जाड भिंतीची पोकळी आणि भोवती कापूस पसरल्यासारखी धूसर सावली असेल, तर रोग चालू आहे असेच धरून चालावे. अशा पोकळीत जंतू कोट्यवधींनी असतात आणि खोकल्यातून घरात पसरतात. मात्र इलाज पूर्ण झाल्यावरही कधीकधी पातळ भिंतीची रिकामी पोकळी मागे राहते. त्या पोकळीत पुढे बुरशीचा गोळा वाढू शकतो आणि थुंकीतून रक्त येऊ शकते. तेव्हा रक्त आले म्हणून तो टीबीच, असेही नाही, आणि दुर्लक्ष करावे असेही नाही.

थोडक्यात, कडा ठळक, रंग पांढरा, आकसलेली ओढ ही जुन्याची लक्षणे. कडा विरघळलेल्या, सावली कापसासारखी, जाड भिंतीची पोकळी, फुप्फुसाभोवती पाणी ही चालू रोगाची लक्षणे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. या दोन यादींच्या मधे मोठा धूसर पट्टा आहे, आणि फक्त एक फोटो पाहून त्या पट्ट्यातले कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. एकच फोटो दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळा वाचतात. फोटो सावली दाखवतो, त्या सावलीत जंतू जिवंत आहे की नाही ते दाखवत नाही.

मग कसे कळते? दोन मार्गांनी. एक, जुना फोटो. दुसरा, थुंकी.

आम्ही त्या मुलाच्या अम्मींना फोन लावायला सांगितले. अल्हमदुलिल्लाह, त्यांनी ट्रंकेत कपड्यांखाली सात वर्षांपूर्वीचे दोन्ही फोटो जपून ठेवले होते. पहिल्या फोटोत, म्हणजे रोग सुरू असतानाच्या, उजवीकडे वर कापूस आणि मधे पोकळी होती. कोर्स संपल्यावरच्या दुसऱ्या फोटोत पोकळी नव्हती, फक्त चार-पाच रेघा उरल्या होत्या. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हा दुसरा फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. रेघा तितक्याच आणि तिथेच होत्या. निदान सहा महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत डाग तसूभरही बदलला नसेल, तर डॉक्टर त्याला 'स्थिर' म्हणतात. इथे तर अंतर सात वर्षांचे होते.

तरीही डॉक्टरांनी थुंकी मागवली. दोन नमुने घेतले, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्याबरोबरचा. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, हे घरोघरी सांगायला हवे. चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून आलेला बेडका डबीत हवा. तो मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर जाऊन काढावा. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर काही तासांत निकाल येतो. ट्रूनॅट हे आपल्याच शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे यंत्र आहे.

यंत्रालाही मर्यादा आहे. ते जंतूचा जनुकीय अंश शोधते आणि मेलेल्या जंतूचा अंशही त्याला सापडतो. म्हणून पूर्वी टीबी झालेल्या माणसाचा या यंत्रावरचा निकाल पॉझिटिव्ह आला, तर शेवटचा शब्द कल्चरचा असतो. कल्चरमध्ये थुंकीतले जंतू वाढवून पाहतात, आणि वाढतो तो फक्त जिवंत जंतू. त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. तीन आठवडे गोळ्या पोटात गेल्यामुळे कल्चर खोटे निगेटिव्ह येण्याची शक्यता होती. म्हणून डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, काही आठवडे थांबून पुन्हा नमुने घेतले. आधी थुंकी, मग गोळी हा क्रम यासाठीच असतो. त्याचे दोन्ही निकाल निगेटिव्ह आले. डाग जुनाच होता.

आता उलट बाजू. मुरबाडकडच्या आमच्या नात्यातल्या एका खालांना पंधरा वर्षांपूर्वी टीबी होऊन गेला होता. मागच्या हिवाळ्यात महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, कपडे सैल झालेले. फोटो काढला तर घरातले सगळेच म्हणाले, "तो तर त्यांचा जुना डाग." पाहणाऱ्यानेही तेच म्हटले. जुना फोटो कुणी मागितला नाही. शेवटी मुलीने हट्ट धरला, म्हणून थुंकी दिली. ती पॉझिटिव्ह आली, पुढे कल्चरही पॉझिटिव्ह आले. नंतर जुना फोटो सापडला, तेव्हा जुन्या रेघांच्या शेजारी नवे धूसर ठिपके स्पष्ट दिसले. मधल्या दोन महिन्यांत त्या नातवंडांना जवळ घेऊन झोपत होत्या.

दोन्ही घरांत चूक एकच होती. फोटोतल्या डागाला जे विचारता येत नाही, ते त्याला विचारले गेले. फोटो निरुपयोगी आहे, असे मात्र कुणी समजू नये. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी शंभरातले जवळपास 43 जण लक्षणे विचारून सुटले असते, ते छातीच्या फोटोमुळे हाती लागले. फोटो संशयित शोधून देतो. निकाल थुंकी देते.

राहिला सौदीचा प्रश्न. पूर्वी ज्याला गामका म्हणत आणि आता वाफिद म्हणतात, त्या खाडी देशांच्या तपासणीत टीबीच्या जुन्या खुणाही नापास करण्याचे कारण धरल्या जातात. तिथे 'जंतू जिवंत आहे का' हा प्रश्न नसून 'खूण आहे का' हा आहे. म्हणून थुंकीचा निगेटिव्ह कागद घेऊन भांडण्यात फार अर्थ नसतो, आणि गोळ्या घेऊन वण पुसला जाईल या आशेत तर मुळीच नसतो. गोळ्या जंतू मारतात, वण मिटवत नाहीत. ब्रिटनच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला मात्र वेगळी रीत आहे. तिथे फोटोत संशय आला तर थुंकीचे तीन नमुने घेऊन कल्चर करतात आणि ते निगेटिव्ह आल्यास दार उघडते. डाग तोच असतो, विचारणारा बदलला की उत्तर बदलते.

आमचे सांगणे एवढेच, की ज्याला पूर्वी टीबी झाला आहे त्याने एजंटाला पैसे देण्याआधी, जमिनीवर कर्ज काढण्याआधी, आधी स्वतःच्या खर्चाने छातीचा एक साधा फोटो काढून पाहावा. आणि घरात ज्याचा टीबीचा कोर्स संपेल, त्याचा त्या दिवशीचा फोटो, उपचाराचे कार्ड, निक्षय क्रमांक आणि शेवटच्या थुंकीचा निकाल हे चारही निकाहनाम्याच्या पिशवीत ठेवावेत. कोर्स संपल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात, तेव्हा जावे.

त्या मुलाने आता शहापुरातच एसी दुरुस्तीचे काम धरले आहे. मुलीकडच्यांना त्याच्या अब्बांनी स्वतः जाऊन तिन्ही फोटो आणि कल्चरचा कागद दाखवला. काही लपवले नाही. इन्शाअल्लाह, ईदनंतर निकाह आहे.