अज्ञान मुलांच्या ठेवी

काचीगुड्याच्या एका भगिनींनी आम्हांस विचारले आहे : यजमान मृत्युपत्र न करता निवर्तले, नामनिर्देशनामुळे बँकेने १२ लाख रुपये त्यांच्या हाती दिले. ते त्यांचेच ना?

नव्हेत. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम केवळ स्वीकारते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यान्वये येथे पत्नी, मुलगा, मुलगी व सासूबाई असे चार वारस असून प्रत्येकाचा वाटा ३ लाखांचा. (सासूबाईंचा विसर हटकून पडतो!)

मुलांच्या ६ लाखांच्या दोन स्वतंत्र मुदत ठेवी त्यांच्याच नावे, आई पालक या नात्याने, कराव्यात. त्यांतून शाळेची फी वा औषधपाणी करता येते, मात्र पावत्या जपाव्यात. दिरांच्या दुकानास उसने देता येत नाहीत. उद्या मुले हिशेब मागू शकतात.

कन्या जून २०२८ मध्ये १८ वर्षांची होईल. आज ५ वर्षांची ठेव केल्यास मुदत त्यापुढे जाईल. पण त्या वाढदिवसापासून आईची सही चालणार नाही. मुलीची नमुना सही, छायाचित्र, ओळखपत्र व पॅन बँकेत पोहोचेपर्यंत व्यवहार अडतो, आणि नेमके तेव्हाच कॉलेजचे प्रवेश असतात. म्हणून एक ठेव एप्रिल २०२८ मध्ये पिकेल अशी ठेवावी; उरलेलीची कागदपत्रे वाढदिवसापूर्वीच सिद्ध असावीत.

न्यायालयाने पालक नेमल्यास २१ वर्षे, हा जुना नियम काहींच्या स्मरणात असेल. तो १९९९ मध्ये रद्द झाला.