‘हा फॉर्म भरून दे’: अटल पेन्शनच्या अर्जात दुसरा काय भरू शकतो आणि काय फक्त तुम्हालाच माहीत असते?

बँकेतून कोरा अर्ज आणायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि शिकलेल्या भाच्याला किंवा सेवा केंद्रातल्या ओळखीच्या माणसाला पाठवायचा: ‘हा फॉर्म भरून दे.’ अनेक घरांत अर्ज असेच भरले जातात. मदत घेण्यात काही गैर नाही. मात्र कोऱ्या अर्जात तुमची कोणतीही माहिती नसते. त्यामुळे भरणारा काही रकाने समजून-उमजून भरतो, तर काही अंदाजाने. कोणत्या रकान्यात अंदाज चालतो आणि कोणत्या रकान्यात तो महागात पडतो, हे अटल पेन्शन योजनेच्या अर्जावरून पाहू.

आधी फोटोतला अर्ज तपासा

१ ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेसाठी सुधारित अर्ज लागू झाला आहे. नव्या अर्जात परदेशी नागरिकत्व आणि परदेशातील कर यांविषयीची घोषणा द्यावी लागते. जुना अर्ज नव्या नोंदणीसाठी चालत नाही. मोबाइलवर फिरत आलेला जुना फोटो छापून भरला, तर सगळी मेहनत वाया जाईल. फोटोत ही घोषणा दिसत नसेल, तर बचत खाते असलेल्या बँकेतून किंवा टपाल कार्यालयातून नवा अर्ज घ्या.

एक उदाहरण

समजा, तुम्ही मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या आहात आणि सुरतेत शिवणकाम करता. वय ३० पूर्ण आहे, लग्न झालेले आहे. बचत खाते गावाकडच्या शाखेत आहे. तुम्ही कोऱ्या अर्जाचा फोटो भाच्याला पाठवला. आता त्याच्यापुढे तीन प्रकारचे रकाने आहेत.

पहिला प्रकार: नियमावरून किंवा कागदावरून ठरणारे रकाने

तुम्ही पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, तर बँकेचे नाव, शाखा आणि खाते क्रमांक भाचा त्यावरून उतरवू शकतो. पासबुक समोर नसेल, तर मात्र त्याने शाखेचा अंदाज करू नये. तुम्ही सुरतेत राहता म्हणून तो सुरतेची शाखा लिहील, आणि खाते तर गावी आहे.

हप्त्याची रक्कमही त्याला मनाने ठरवायची नसते. वय आणि निवडलेली पेन्शन यांवरून ती तक्त्यात ठरलेली असते. म्हणून हा रकाना बँकेने भरणे उत्तम.

दुसरा प्रकार: अंदाज बरोबर असू शकतो, पण तुमचा होकार हवा

वारसाचा, म्हणजे नॉमिनीचा रकाना असा आहे. या योजनेत लग्न झालेल्या व्यक्तीचा नॉमिनी आपोआप पती किंवा पत्नी असते. त्यामुळे ‘नाते: पती’ हा भाच्याचा अंदाज नियमाला धरून आहे. पण नावाचे काय? घरात ज्या नावाने हाक मारतात ते आणि आधारवरचे नाव वेगळे असू शकते. नाव आधारवर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर लिहावे. अविवाहित व्यक्तीला दुसऱ्या कुणाचे नाव देता येते, पण लग्नानंतर जोडीदाराची माहिती कळवावी लागते.

जन्मतारीखही याच प्रकारात येते. घरात सांगतात ती, शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची तारीख वेगळी असेल, तर भाच्याला कोणती घ्यायची ते कळणार नाही. तारखेवरून वय ठरते आणि वयावरून हप्ता. योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या व्यक्तीच येऊ शकतात, त्यामुळे चाळिशीजवळच्यांनी तर ही तारीख विशेष जपून लिहावी. आधारवरची तारीखच चुकीची असेल, तर आधी ती दुरुस्त करून घ्या, मग अर्ज भरा.

तिसरा प्रकार: फक्त तुम्हालाच माहीत असलेले

यातला पहिला रकाना पेन्शनच्या रकमेचा. साठाव्या वर्षानंतर दरमहा १,०००, २,०००, ३,०००, ४,००० की ५,००० रुपये हवेत, हे तुम्ही ठरवायचे. वयाच्या ३० व्या वर्षी १,००० रुपयांच्या पेन्शनसाठी महिन्याला ११६ रुपये भरावे लागतात, तर ५,००० रुपयांसाठी ५७७. भाच्याने मावशीचे भले व्हावे म्हणून ५,००० वर खूण केली, तर दरमहा ५७७ रुपये तुमच्या खात्यातून जातील. शिवणकाम मंदावलेल्या महिन्यात खात्यात तेवढे पैसे नसतील, तर हप्ता थकेल आणि त्यावर दंडही लागेल. उलट त्याने १,००० वर खूण केली आणि तुम्हाला अधिक झेपत असेल, तर म्हातारपणी हातात कमी येईल. रक्कम नंतर वर्षातून एकदा वाढवता किंवा कमी करता येते, पण सुरुवात तुमच्या कमाईचा विचार करूनच व्हावी.

दुसरा रकाना हप्त्याच्या काळाचा: महिन्याला, तीन महिन्यांनी की सहा महिन्यांनी. मजुरी दर महिन्याला मिळते की हंगामाला, हे तुम्हालाच माहीत.

तिसरा आणि सर्वांत धोक्याचा प्रश्न: तुम्ही आयकर भरता का? १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना या योजनेत नव्याने येता येत नाही. ‘शिवणकाम करणारी बाई कसला आयकर भरणार’ असे समजून भाचा ‘नाही’ वर खूण करील, आणि बहुतेक वेळा ते खरेही असेल. पण अर्जाच्या दिवशी किंवा त्याआधी तुम्ही आयकरदाते होता असे पुढे आढळले, तर खाते बंद होते आणि तोवर जमलेली रक्कम परत दिली जाते. पेन्शन मात्र मिळत नाही. पॅन कार्ड असणे म्हणजे आयकर भरणे नव्हे. कायद्याने तुमच्यावर कर बसतो का, हा प्रश्न आहे. परदेशी नागरिकत्वाच्या घोषणेचेही तसेच. ती वाचून घ्या आणि उत्तर स्वतः सांगा.

सही किंवा अंगठा आणि तारीख शेवटी. कोऱ्या अर्जावर आधी सही करून पाठवू नका. सहीने तुम्ही बँकेला खात्यातून पैसे कापून घ्यायची परवानगी देता. सगळे रकाने भरल्यावर वाचून घ्या, मग सही करा आणि त्याच दिवसाची तारीख घाला.

भाच्याने काय विचारावे?

फोटो मिळाल्यावर चांगला मदतनीस लगेच पेन उचलत नाही. तो आधी हे प्रश्न उलट पाठवतो:

१. आधारवर तुमचे नाव आणि जन्मतारीख कशी आहे?
२. खाते कोणत्या शाखेत आहे आणि त्याला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे?
३. पतीचे नाव त्यांच्या आधारवर कसे आहे?
४. पेन्शन किती हवी आणि हप्ता कधी जमेल?
५. तुमच्यावर आयकर बसतो का?

उत्तरे येईपर्यंत ते रकाने कोरे ठेवावेत. कोरा रकाना बँकेतल्या माणसाच्या लगेच नजरेस येतो आणि तो विचारतो. चुकीचा भरलेला रकाना कुणाच्या नजरेस येत नाही.

शेवटी फोटोबद्दल. कोऱ्या अर्जाचा फोटो कुणालाही पाठवला तरी नुकसान नाही. भरलेल्या अर्जावर मात्र आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि सही असते. तो कुटुंबाच्या किंवा गावाच्या ग्रुपवर टाकू नका. उत्तरे एकाच विश्वासाच्या माणसाला, शक्यतो फोनवर बोलून सांगा. अर्ज भरण्यासाठी कुणाला ओटीपी द्यावा लागत नाही, म्हणून तो कुणी मागितला तर देऊ नका.