नाते ते गड : शिडी किती पायऱ्यांची?

महाडहून रायगडाकडे जाताना नाते लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 1896 साली याच गावात झाला. नात्याहून गडावर शब्दांच्या शिडीनेही जाता येते. एका वेळी एकच अक्षर बदलायचे आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द उभा राहिला पाहिजे, हा लुईस कॅरॉलचा खेळ 1879 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात छापून आला. मराठीत तो खेळायचा, तर ‘एक अक्षर’ म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते.

मात्रेसह अख्खे अक्षर बदलू दिले, तर दोन अक्षरी शब्दांचा खेळ फार सोपा होतो. म्हणून आम्ही कडक नियम सुचवतो : एका पायरीत एक तर व्यंजन बदलावे, नाही तर स्वर. मग ‘नाते’मध्ये न, आ, त, ए अशी चार घरे होतात आणि ‘गड’मध्ये ग, अ, ड, अ. चारही घरे वेगळी आहेत आणि एका पायरीत एकच घर बदलते. त्यामुळे चारपेक्षा लहान शिडी असूच शकत नाही.

पण चार पायऱ्यांची तरी असते का? चारांतच जायचे, तर प्रत्येक घर एकदाच बदलेल आणि थेट शेवटच्या रूपात जाईल. असे मधले शब्द फक्त चौदा संभवतात. दोन घरे बदललेले त्यांतले सहा : गते, गाडे, गात, नडे, नत, नाड. केवळ रोजच्या वापरातली नामे घ्यायची ठरवली, तर या सहांत ‘गाडे’ एवढे एकच उरते. तिथून पुढे ‘गडे’ किंवा ‘गाड’ यांवरून जावे लागते. पहिले संबोधन आहे, दुसरे क्रियापद. वाट तिथेच बंद होते. ‘गात’ किंवा ‘नत’ चालवून घेतले, तर मात्र नाते, नात, नत, गत, गड अशी चार पायऱ्यांची शिडी लगेच मिळते. सर्वांत लहान शिडी कोणती, याचे उत्तर शब्दयादीवर असे अवलंबून असते. त्यामुळे कोडे छापणाऱ्याने नियम आणि यादी दोन्ही आधी सांगितलीच पाहिजेत, असे आमचे ठाम मत आहे.

नामांच्या यादीत पाच पायऱ्या लागतात. त्या शोधण्याची हमखास रीत म्हणजे ब्रेड्थ-फर्स्ट सर्च, थराथराने घेतलेला शोध. ‘नाते’पासून एका बदलाने मिळणारी सगळी नामे आधी रांगेत लावायची : जाते, खाते, पाते, नाणे, नाले, नाके, नाडे, नाती, नात वगैरे. हा पहिला थर. मग रांगेतला पुढचा शब्द काढून त्याचे न भेटलेले शेजारी रांगेच्या शेवटी जोडायचे. ‘नात’वरून ‘पात’ येते, ‘नाडे’वरून ‘गाडे’. तिसऱ्या थरात ‘पत’ आणि ‘गाडी’, चौथ्यात ‘गत’ आणि ‘गडी’, पाचव्यात ‘गड’. प्रत्येक शब्दाशेजारी तो कोणावरून आला हे लिहून ठेवले, की उलट चालत शिडी वाचता येते : नाते, नात, पात, पत, गत, गड. किंवा नाते, नाडे, गाडे, गाडी, गडी, गड. दोन्ही तितक्याच लहान. शोधाला आधी कोणती सापडेल, हे शेजारी कोणत्या क्रमाने रांगेत लागले त्यावर ठरते.

ही शिडी सर्वांत लहान असते, कारण चौथा थर पुरता संपल्याशिवाय पाचव्याला हात लागत नाही. रांगेऐवजी नुकताच आलेला शब्द आधी काढला, तर हीच हमी जाते. शोध एकाच फांदीवर खोल उतरतो आणि वीस पायऱ्यांची शिडीही आनंदाने पुढे करतो. आणखी एक चूक नेहमी होते. शब्द रांगेत लावतानाच ‘भेटला’ अशी खूण करायला हवी. ती रांगेतून काढताना केली, तर उत्तर बिघडत नाही, पण ‘नाडे’ आणि ‘नाती’ या दोघांकडून येणारी ‘नाडी’ रांगेत दोनदा बसते. मोठ्या यादीत अशी पुनरावृत्ती फुगत जाते.

संगणकावर मराठीची खास अडचण निघते. युनिकोडमध्ये ‘नाते’ चार चिन्हांचे आहे, न, ा, त, े. ‘गड’ मात्र दोनच चिन्हांचा, कारण व्यंजनातला ‘अ’ वेगळा लिहिला जात नाही. इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लांबी जुळत नाही म्हणून ही जोडी सुरुवातीलाच नाकारतो. शोधाआधी प्रत्येक शब्द घरांत फोडून लपलेला ‘अ’ उघड लिहिला, की अडचण सुटते. जोडाक्षरांसाठी मात्र वेगळा नियम करावा लागेल. आमच्या मते ‘त्र’ किंवा ‘क्ष’ हे एकच व्यंजनघर मानणे सोयीचे.

शिडी नसतेच, अशाही जोड्या असतात. डोनाल्ड क्नूथ यांच्या पाच अक्षरी इंग्रजी शब्दांच्या यादीत 5757 शब्द आहेत आणि त्यांतल्या 671 शब्दांना एकही शेजारी नाही. अशा वेळी रांग रिकामी होते आणि लक्ष्य भेटलेले नसते. शोध फसला, असा त्याचा अर्थ नव्हे. त्या यादीत शिडी नाही, हे तेवढ्याने सिद्ध होते. ‘नाते’ ते ‘महाड’ या जोडीसाठी तर रांगही लावायला नको : एकीकडे चार घरे, दुसरीकडे सहा, आणि बदलाने घरांची संख्या वाढत नाही.