विरजणाची तार

दसऱ्याच्या दिवशी पानात श्रीखंड पडले नाही, तर सण साजरा झाला असे आपल्याकडील पुष्कळ घरांस वाटतच नाही. पूर्वी चक्का घरोघर टांगला जात असे. आता बहुतेक कुटुंबे हे काम मिठाईवाल्यावर सोपवून निश्चिंत होतात. परंतु आपण निश्चिंत झालो म्हणजे दही निश्चिंत होते असे नाही. या महिन्याची गोष्ट अशाच एका दुकानदाराची आहे.

कृष्णाकाठी वाई येथे तात्यांचे मिठाईचे दुकान होते. दुकान लहान, पण श्रीखंडासाठी नावाजलेले. तात्या त्याचे सारे श्रेय आपल्या दिवंगत मातोश्रींच्या विरजणास देत. दररोजच्या दह्यातून उद्याचे विरजण काढून ठेवावयाचे, ही परंपरा त्यांनी चाळीस वर्षे एक दिवसही खंडू दिली नव्हती. बाहेरचे विरजण दुकानात येऊ द्यावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. तो इतका कडक, की त्यांच्या पत्नीने माहेराहून आणलेले विरजणही स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडू शकले नाही.

त्या वर्षी दसऱ्यासाठी छत्तीस किलो श्रीखंडाची मागणी नोंदविली गेली होती. अष्टमीच्या संध्याकाळी साठ लिटर म्हशीचे दूध आटोपशीर उकळून, कोमट करून, विरजण लावून मागच्या खोलीत ठेवण्यात आले. साठ लिटरांचा सुमारे वीस किलो चक्का होईल आणि त्यात सोळा किलो साखर पडेल, असा नेहमीचा हिशेब होता.

खंडेनवमीच्या पहाटे पाच वाजता तात्यांनी झाकण काढले. दही लागले होते, वासही चांगला होता. पण त्यावर एक निराळीच तुकतुकी दिसत होती. त्यांनी पळी घालून वर उचलली, तो पळीमागोमाग हातभर लांब तार निघाली आणि मधाच्या धारेसारखी लोंबू लागली. दुसरे पातेले, तिसरे पातेले, सर्वत्र तोच प्रकार. थोडे दही पंचात बांधून टांगले, तर तासाभरात जेमतेम वाटीभर पाणी गळले. कापडाची छिद्रे आतून बुळबुळीत थराने बुजून गेली होती.

इतक्यात गवळी सकाळच्या दुधाच्या किटल्या घेऊन दारात आला. तात्यांचा राग त्याच्यावर कोसळला. "दुधात काय कालवलेस? माझी चाळीस वर्षांची पत एका रात्रीत धुळीस मिळविलीस!" गवळी गोंधळून म्हणाला, "तात्या, जे घरच्या पोरांना पाजतो तेच तुम्हांला घालतो." पण ऐकण्याच्या मनःस्थितीत तात्या नव्हते. ते म्हणाले, "यापुढे तुझे दूध या दारात नको." गवळी किटल्या खाली न ठेवताच ओटीवर बसून राहिला.

तात्यांच्या चिरंजीवांचा उपाय झटपट होता. "दही यंत्रात जोराने घुसळू, म्हणजे तार तुटेल. मग साखर, केशर, वेलदोडा घातला की कोणास कळणार आहे?"

यावर सूनबाई पुढे आल्या. त्यांचे शिक्षण दुग्धशास्त्राचे झालेले होते. परंतु दुकानाच्या कामात त्यांचा सल्ला आजवर कोणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "मामंजी, घुसळल्याने तार तुटल्यासारखी दिसेल, पण या चिकटपणाने धरून ठेवलेले पाणी आतच राहील. ते श्रीखंड संध्याकाळपर्यंत पातळ होईल. आणि दोष कशात आहे हे कळल्यावाचून नव्या दुधाला हात लावला, तर उद्याही हेच होईल. मला दोन पातेली पाहू द्या."

पहिले पातेले दर्शनी फळीवरचे होते. सकाळच्या सुट्या विक्रीसाठी नोकराने तेच दूध, दुकानचेच विरजण, पण एका नव्या कोऱ्या भांड्यात लावले होते. त्यातही तार होती. दुसरे होते सासूबाईंचे स्वयंपाकघरातील. दररोज संध्याकाळी दुकानच्याच कढईतून एक लिटर तापविलेले दूध घरात जाई आणि त्यास त्या आपले माहेरचे विरजण लावीत. सूनबाईंनी त्यात चमचा घातला. दही वडीसारखे तुटले. तार नाही, बुळबुळ नाही.

आमच्या न्यायशास्त्रात ज्यास अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, तो विचार या मुलीने दोन चमच्यांत पुरा केला. भांडे निराळे असूनही विरजण तेच, तेथे तार आहे. दूध तेच असूनही विरजण निराळे, तेथे तार नाही. म्हणजे दोष दुधात नाही आणि भांड्यातही नाही. राहिले ते विरजण.

"माझ्या आईचे विरजण?" तात्या एवढेच म्हणाले.

सूनबाईंनी सावकाश समजावून सांगितले. विरजण म्हणजे एक वस्तू नसून असंख्य सूक्ष्म जंतूंचे कुटुंब असते. दुधातील साखर खाऊन ते आम्ल करतात आणि त्या आम्लाने दूध घट्ट होते. त्यांतील काही जाती आम्लाबरोबरच शर्करेच्या लांबच लांब साखळ्याही तयार करून अंगाभोवती सोडतात. तीच ही तार. अशा जाती थोड्या प्रमाणात विरजणात असल्या तर कळतही नाही. दही उलट मऊ लागते. परंतु थंडाव्यात, तेवीस-चोवीस अंशांवर, दही बारा-चौदा तास रेंगाळत लागले की त्यांचे फावते. चाळीस अंशांच्या उबेत मात्र त्यांतील पुष्कळ मागे पडतात आणि उबेत वाढणारे दुसरे जंतू पुढे जातात.

"आपण पातेली मागच्या खोलीत केव्हा हलविली?" त्यांनी विचारले.

गणपतीच्या गर्दीत जागा पुरेना, म्हणून भाद्रपदात ती नदीकडच्या, दगडी फरशीच्या खोलीत नेली होती. पूर्वी ती भट्टीशेजारी असत. तेव्हापासून दही सहा तासांऐवजी रात्रभर लागत होते आणि त्याच दह्याचे विरजण रोज पुढे जात होते. प्रत्येक दिवशी तार सोडणाऱ्यांची संख्या थोडी वाढत होती. तेवढ्यात नोकराने भीत भीत सांगितले की, चार दिवसांपासून दही पळीला चिकटत होते आणि चक्का गळावयास दीडपट वेळ लागत होता. पण विरजणाविषयी मालकांपुढे बोलावयाची छाती झाली नाही.

तात्या काही वेळ स्तब्ध बसले. मग उठून ओटीवर गेले आणि गवळ्यास म्हणाले, "चूक माझ्या घरात होती आणि बोललो तुला. किटल्या आत घे. आणखी दूध मिळेल तेवढे आण."

गवळ्याने आपले आणि शेजारच्या गोठ्यातले मिळून बावन्न लिटर दूध आणले. साडेआठपर्यंत ते उकळून निघाले. दरम्यान सूनबाईंनी जुनी पातेली, पळ्या, झाकणे घासून उकळत्या पाण्याने धुवविली आणि चक्क्याचे सर्व पंचे पाव तास पाण्यात उकळविले. जुने दही मात्र कोणालाही विकावयाचे नाही, असे ठरले. सूनबाई म्हणाल्या, "आंबट, स्वच्छ वास असला तर असले दही बहुधा बाधत नाही. स्वीडनमध्ये आणि फिनलंडमध्ये तर तारेचे दही मुद्दाम लावतात. दुर्गंधी, कडवटपणा किंवा बुडबुडे असतील तर मात्र तोंडातही घालू नये. परंतु गिऱ्हाइकाने ज्याचे पैसे मोजले, ती वस्तू ही नव्हे." ते सारे गवळ्याच्या खतखड्ड्यात गेले.

आता प्रश्न विरजणाचा. बावन्न लिटरांस लिटरभर हवे. शेकडा दोन हे नेहमीचे प्रमाण. सासूबाईंच्या भांड्यात उरले होते अर्धा लिटर. तात्या स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. काय बोलावे हे त्यांस सुचेना. चाळीस वर्षे ज्या भांड्यास त्यांनी दुकानात पाऊल टाकू दिले नाही, तेच पत्नीने दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केले आणि म्हटले, "माहेरचे आहे. पण ह्याच घरच्या दुधावर वाढले आहे."

विरजण निम्मे, म्हणून वेळ अधिक लागणार हे उघड होते. सूनबाईंनी तापमापक घालून दूध बरोबर चाळीस अंशांवर आणले, विरजण थोड्या दुधात मोडून सर्वत्र सारखे मिसळले आणि पातेली भट्टीशेजारी तरटांत गुंडाळून ठेवली. दहा वाजता लावलेले दही साडेचारला लागले. पळी घातली, उचलली. तार नव्हती.

मग एका मोठ्या गाठोड्याऐवजी पाच-पाच लिटरांची लहान गाठोडी बांधली, म्हणजे पाणी लवकर गळते. ती टांगली त्याच नदीकडच्या थंड खोलीत. जी जागा दही लावण्यास वाईट ठरली, तीच चक्क्यास उत्तम होती. कारण रात्रभर गळताना तो तेथे अधिक आंबत नाही. जागा वाईट नव्हती, काम चुकीचे होते.

हिशेबाने सतरा किलो चक्का आणि चौदा किलो साखर, म्हणजे एकतीस किलो श्रीखंड होणार होते. पाच किलो कमी. त्या संध्याकाळी तात्या यादी घेऊन घरोघर गेले. "दही बिघडले, पुन्हा लावले आहे. सकाळी सहाऐवजी आठ वाजता मिळेल आणि प्रत्येकास थोडे कमी मिळेल. नको असेल त्यांनी पैसे परत घ्यावेत." दोन घरांनी पैसे परत घेतले. बाकीच्यांनी मान्य केले. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "बिघडले कशाने?" तात्या म्हणाले, "माझ्या अभिमानाने."

पहाटे चारला गाठोडी सोडली. चक्का पांढराशुभ्र आणि घट्ट होता. बोटाने दाबला तर ठसा राहत होता. साखर मिसळून तासभर मुरू दिली, पुरणयंत्रातून काढले, केशर घातले. आठ वाजता दुकानाची फळी उघडली. पहिली वाटी गवळ्याच्या हाती गेली.

त्या दिवसापासून दुकानात दोन नियम आहेत. विरजण काढण्यापूर्वी रोज पळी वर उचलून पाहावयाची. बोटभर तार दिसली, तरी त्या दह्याचे विरजण पुढे न्यावयाचे नाही. आणि विरजणाची दोन भांडी दोन निराळ्या ठिकाणी ठेवावयाची, एक दुकानात व एक घरात, म्हणजे एक बिघडले तर दुसऱ्यावरून घर सावरते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजूनही विरजण सांभाळले जाते, त्यांनी येत्या थंडीत हे ध्यानी ठेवावे. दही उबेत, पाच-सहा तासांत लागावे. लागताच थंड जागी हलवावे. तार दिसलीच, तर दुधास व दूधवाल्यास बोल लावण्यापूर्वी शेजारणीकडून चमचाभर विरजण आणून तेच दूध वेगळ्या वाटीत लावून पाहावे. दोष कोणाचा, हे ती वाटी सकाळी सांगेल. आणि घरातील एखादे धाकटे माणूस चार दिवस काही सांगू पाहत असेल, तर त्याचेही आधी ऐकून घ्यावे.