जन्मदाखल्यात नावाचं स्पेलिंग चुकलं? गगनबावड्यातल्या कुटुंबाला कोल्हापूर का गाठावं लागू शकतं?

बाळाच्या जन्मदाखल्यात नावाचं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, तर पूर्वी अनेक घरांत 'बघू पुढे' म्हणून ते सोडून दिलं जायचं. शाळेत प्रवेश घेताना वेगळं स्पेलिंग लिहिलं, की काम भागायचं. आता तसं करणं महागात पडू शकतं.

याचं कारण म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली झालेली दुरुस्ती. ही दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी आणि सरकारी नोकरी या कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. ही मुलं आता बालवाडीच्या वयाची होत आहेत. म्हणजे दाखल्यातली चूक घरच्यांच्या लक्षात येण्याची वेळही हीच आहे.

मग दुरुस्तीचा अर्ज करायचा कुठे आणि तो अडतो कुठे? गगनबावडा तालुक्याचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

अर्ज कुठल्या कार्यालयात करायचा?

पहिली गल्लत इथेच होते. आपण जिथे राहतो तिथल्या कार्यालयात दुरुस्ती होईल, असं बहुतेकांना वाटतं. पण जन्माची नोंद राहत्या गावात होत नाही. जन्म जिथे झाला, तिथल्या निबंधकाकडे ती होते आणि दुरुस्तीही त्याच निबंधकाला करता येते.

गगनबावडा कोल्हापूर शहरापासून साधारण 55 किलोमीटरवर आहे. बाळंतपण कोल्हापुरातल्या दवाखान्यात झालं असेल, तर नोंद शहरात होते. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून वैभववाडी, कणकवलीकडे बाळंतपण झालं असेल, तर नोंद थेट सिंधुदुर्ग जिल्ह्यात जाते. बाळ गावातच घरी जन्मलं असेल, तर नोंद ग्रामपंचायतीकडे असते.

नेमकं कार्यालय शोधण्यासाठी दाखलाच वाचायचा. 'खालील माहिती अमुक क्षेत्राच्या नोंदवहीतून घेतली आहे' अशा अर्थाचं एक वाक्य त्यावर छापलेलं असतं. त्या वाक्यात ज्या क्षेत्राचं नाव आहे, अर्ज तिथेच करायचा. दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीखही टिपून घ्या. नोंद शोधताना आधी तेच विचारलं जातं.

चूक नेमकी कुठे झाली?

समजा, गगनबावड्यातल्या एका कुटुंबातलं बाळ कोल्हापूर शहरातल्या खासगी दवाखान्यात जन्मलं. नाव ठेवलं ऋग्वेद. दाखल्यावर मराठीत 'ऋग्वेद' बरोबर आहे, पण इंग्रजीत Rugved ऐवजी Rigved छापलंय.

दवाखान्यातल्या जन्माची माहिती निबंधकाला कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते आणि त्यासाठी 21 दिवसांची मुदत आहे. पण बारशाआधी नाव ठरलेलं नसतं. त्यामुळे अनेकदा नोंद नावाशिवायच होते आणि नंतर आई-वडील अर्ज देऊन नाव घालून घेतात. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत हे नाव विलंब शुल्काशिवाय घालता येतं.

म्हणजे या कुटुंबाच्या बाबतीत दोन कागद महत्त्वाचे आहेत. एक दवाखान्याने भरलेला जन्माचा अहवाल आणि दुसरा नाव घालण्यासाठी आई-वडिलांनी सही करून दिलेला अर्ज. दुरुस्तीचा अर्ज लिहिण्याआधी कार्यालयात हे मूळ कागद पाहायला मागा, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो.

नावाच्या अर्जात Rugved लिहिलं असेल आणि संगणकावर टाइप करताना Rigved झालं असेल, तर ती लेखनिक चूक ठरते. अशा वेळी निबंधकाने चौकशी करायची आणि खात्री पटली की नोंद दुरुस्त करायची, असं नियम सांगतो. पुरावा त्यांच्याच दप्तरात असतो. त्यामुळे अर्जात 'नाव चुकलं आहे' एवढंच न लिहिता 'अमुक तारखेच्या आमच्या अर्जात Rugved असं आहे, दाखल्यावर Rigved असं आलं आहे' असं नेमकं लिहावं.

पण आई-वडिलांच्या सहीच्या अर्जातच Rigved लिहिलेलं असेल तर? मग टाइप करणाऱ्याची चूक म्हणता येत नाही. नोंदीतला मजकूरच चुकीचा आहे, असं आपलं म्हणणं होतं. त्यासाठी चूक काय आणि खरं काय हे सांगणारं, प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन द्यावं लागतं. तरीही निबंधकाचं समाधान होणं गरजेचं असतं.

आधार कार्ड दाखवून काम का होत नाही?

बाळाचं आधार काढताना जन्मदाखला दिलेला असतो. दाखल्यावर Rigved असेल, तर आधारवरही Rigved येतं. मग जो कागद दाखल्यावरूनच तयार झाला, तो दाखल्याची चूक कशी सिद्ध करणार? म्हणून दाखल्याच्या आधीचा किंवा त्याच्यावर न बेतलेला कागद कामाला येतो. नाव घालण्याचा अर्ज हा तसा कागद आहे. आई किंवा वडिलांच्या नावात चूक असेल, तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला उपयोगी पडतो.

क्रमही लक्षात ठेवा. आधी जन्मदाखला दुरुस्त करायचा, मग आधार आणि त्यानंतर शाळेचं रजिस्टर. उलट क्रमाने गेल्यास तीन ठिकाणी तीन नावं होण्याची भीती असते.

दुरुस्ती आणि नाव बदलणं एकच आहे का?

नाही. कायद्याचं कलम 15 चुकीची दुरुस्ती करण्यासाठी आहे. 'ऋग्वेद' आता आवडत नाही, 'अर्णव' करा, असं म्हटलं तर ती चूक नसते, तो बदल असतो. तो या अर्जातून होत नाही.

दुरुस्ती करतानाही मूळ नोंद पुसायची नसते. तिला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची आणि निबंधकाने सही करून तारीख टाकायची, असं हेच कलम सांगतं. पुढे कोणी जुनी नोंद तपासली, तर आधी काय होतं, काय बदललं आणि कधी बदललं हे दिसावं, यासाठी ही तजवीज आहे.

अर्ज फेटाळला तर?

2023 च्या दुरुस्तीने कलम 25अ आणलं. निबंधकाचा आदेश मान्य नसेल, तर 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्यावर 90 दिवसांत निर्णय देणं बंधनकारक आहे. पण खिडकीवरून 'हे होत नाही' असं तोंडी उत्तर ऐकून परत आलात, तर अपील करायला हातात काहीच उरत नाही. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर तारखेसह पोच घ्यावी आणि नकार असेल तर तो कारणासह लेखी मागावा. 55 किलोमीटरची दुसरी खेप करावी लागली, तरी निदान पहिल्या खेपेचा पुरावा हातात राहील.