विरळ होणारे जंगल आणि ग्रामसभेचे नियम

जंगलातला कार्बन दोन वाटांनी घटतो. पहिली वाट जंगलतोडीची. खाण, धरण, रस्ता किंवा शेती यांसाठी जमिनीचा वापरच बदलतो, झाडे जातात आणि नकाशावरचा हिरवा रंगही जातो. दुसरी वाट अवनतीची. इथे जमीन जंगल म्हणूनच नोंदलेली राहते, पण वणवा, छाटणी, अतिकापणी आणि चराई यांनी ते वर्षागणिक विरळ होते. पहिल्या प्रकारात निदान प्रस्ताव, मंजुरी आणि पर्यायी वनीकरणाची नोंद मागे राहते. दुसऱ्या प्रकाराची फाइलच तयार होत नाही. पूर्व विदर्भातल्या पानझडी जंगलांच्या व्यवस्थापनात म्हणूनच ही दुसरी वाट अधिक बारकाईने पाहावी लागते.

वनातला कार्बन पाच ठिकाणी मोजतात: झाडांचा जमिनीवरचा भाग, मुळे, मेलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालानुसार देशातल्या वनांमध्ये सुमारे ७२८ कोटी टन कार्बन आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. ०.१ हेक्टरच्या चौरसातल्या झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजायचा, प्रजातीनुसार सूत्र लावून कोरडे वजन काढायचे आणि त्याच्या ०.४७ पट कार्बन धरायचा, ही मोजणीची नेहमीची रीत आहे. या कार्बनला ३.६७ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचा आकडा मिळतो.

समजा, अशा एका चौरसात जमिनीवरचे कोरडे वजन ८ टन भरले. म्हणजे हेक्टरी ८० टन. मुळांसाठी त्याचा पाव भाग मिळवला तर १०० टन, त्यात कार्बन ४७ टन. दहा वर्षांत छत्राची घनता ६८ टक्क्यांवरून ४२वर आली आणि वजन एक तृतीयांशाने घटले, तर हेक्टरी सुमारे ५७ टन कार्बन डायऑक्साइडइतका साठा गेला. १,८०० हेक्टरवर हेच घडले तर आकडा एक लाख टनांच्या पुढे जातो. उपग्रहावर आधारलेल्या वर्गीकरणात मात्र ४० ते ७० टक्के छत्राचे जंगल ‘मध्यम घनदाट’ या एकाच वर्गात बसते. दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या तक्त्यात ते त्याच रकान्यात दिसते.

या विरळपणाची कारणे शोधताना बोट बहुधा सरपण आणणाऱ्या बाईकडे किंवा गुराख्याकडे जाते. बांबूचा इतिहास वेगळे सांगतो. १९२७च्या भारतीय वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवले, त्यामुळे त्यावर वनखात्याची मालकी आली. पुढे गडचिरोली-चंद्रपूरकडचा बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने कागद उद्योगाला दिला गेला. मालकी सरकारी आणि कापणी खाजगी, अशी ही जोड होती. त्यात नियमांची उणीव नव्हती. कोवळे बांबू राखावेत, प्रत्येक बेटात ठरावीक संख्या उभी ठेवावी, जमिनीलगत पहिल्या पेराच्या वर तोडावे, एकदा कापलेल्या बेटाला काही वर्षे विश्रांती द्यावी, पावसाळ्यात कोयता लावू नये, हे सगळे कागदावर होते. पण मजुरी नगावर मिळते. बेटात नवे कोंब बाहेरच्या कडेने फुटतात आणि जुने बांबू आत दाटीने अडकून पडतात. नगावर काम करणारा माणूस हाताला सहज येणारे कडेचे कोवळे बांबू आधी तोडतो. आतली गचडी वाढत जाते, बाहेर फुटायला जोर उरत नाही आणि काही हंगामांत बेट खुरटते. बेट पाहताच हे ओळखता येते: कडेला ताजे खुंट आणि मधोमध वाळलेला गुंता. हे नुकसान करार करणाऱ्याला सोसावे लागत नाही, कारण तो पुढच्या कूपाकडे गेलेला असतो.

२००६च्या वनहक्क कायद्याने इथे दोन गोष्टी बदलल्या. बांबू गौण वनोपजात आला आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला. तरी विक्रीसाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना, कारण बांबू झाडच आहे ही जुनी भूमिका सुटत नव्हती. अखेर एप्रिल २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१२च्या सुधारित नियमांनी ही तरतूद सर्वत्र लागू केली. नगावरची मजुरी यानंतरही उरतेच. पण कापणारा, मजुरी देणारा आणि पुढच्या पाळीत त्याच बेटाकडे परतणारा आता एकाच ग्रामसभेत बसतो, त्यामुळे कडेचा कोंब तोडल्याचा जाब विचारणारा माणूस शेजारीच असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने याच अधिकाराचा वेगळा वापर केला. तेंदूपत्त्याला कोवळी, मोठी पाने लागतात. त्यासाठी झुडपे छाटतात आणि फुटवा चांगला यावा म्हणून आग लावतात. उन्हाळ्यातल्या वणव्यांचे हे एक मोठे कारण आहे. पाचगावच्या ग्रामसभेने हाती येणारे हे उत्पन्न सोडले आणि बांबूवर भर दिला. आग थांबली की आधी पालापाचोळ्याचा साठा वाचतो, मग रोपे जगतात आणि शेवटी मातीतला कार्बन टिकतो. फायर लाइन काढून वनखातेही आगीशी झुंजते, पण आगीमागची कमाईच सोडण्याचा निर्णय ती कमाई करणारेच घेऊ शकतात.

ही दोन गावे अपवाद नाहीत, असे मानायला आधार आहे. अश्विनी छत्रे आणि अरुण अग्रवाल यांनी २००९ साली दहा देशांतल्या ८० सामूहिक वनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वनक्षेत्र मोठे आणि नियम करण्याची स्थानिकांची मोकळीक अधिक, अशा ठिकाणी कार्बनसाठा आणि उपजीविका दोन्ही चांगल्या आढळल्या. नुसता सहभाग आणि नियम करण्याचा अधिकार यांतला फरक इथे निर्णायक आहे. वनखात्याने आखलेल्या आराखड्यावर गावाची सही घेतल्याने तो अधिकार येत नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही ठळक आहेत. हक्क मिळाला तरी भांडवल नसेल, तर लिलाव आणि हिशेब पुन्हा कंत्राटदाराकडे जातात आणि ग्रामसभा सहीपुरती उरते. आपले जंगल राखणारे गाव सरपणासाठी शेजारच्या जंगलात जात असेल, तर साठा वाढत नाही, तोड फक्त जागा बदलते. मानवेल काही दशकांनी एकदम फुलतो आणि मरतो. त्या वर्षी उत्पन्न बुडते, सुक्या बांबूने आगीचा धोका वाढतो आणि नव्या रोपांना चराईपासून काही वर्षे वाचवावे लागते. खाणीसाठी जमीन वळवायचा निर्णय झाला, तर गावाच्या नियमांनी वाचलेला साठा एका आदेशाने जातो.

म्हणून व्यवस्थापन आराखडा करताना छत्राच्या टक्केवारीवर विसंबू नये. कायमचे चौरस आखून दर तीन-चार वर्षांनी घेर मोजावा, प्रत्येक बेटातल्या पहिल्या वर्षाच्या बांबूंची संख्या लिहावी आणि आग कुठे, कोणत्या कामातून लागली याची नोंद ग्रामसभेच्या वहीत ठेवावी. कडेचे कोंब घटू लागले की पुढच्या पाळीचा कूप बंद ठेवायचा, एवढा ठराव त्या वहीवरून करता येतो.